बाबा, आरडी बंद करा

पहिल्या पत्रात ‘माफ करा’ सात वेळा होतं. आकडा एकही नव्हता. मी ते पत्र त्याला परत दिलं. म्हटलं, हे असं गेलं तर तुझी आई रात्रभर जागी राहील आणि बाबा सकाळी बँकेत जाऊन एफडी मोडतील. दोन्हीचा तुला उपयोग नाही.

मुलगा सत्तावीस वर्षांचा, सांगलीकडचा. वडील निवृत्त शिक्षक. इथं मास्टर्स केलं, आता न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो आणि नोकरी करतो. मी इथल्या एका बँकेच्या शाखेत बावीस वर्षं काम केलं, हे त्याला कुणीतरी सांगितलं. म्हणून तो दोन कार्डांची आठ महिन्यांची स्टेटमेंटं फोनमध्ये घेऊन माझ्याकडे आला. त्यातली बरीचशी त्यानं उघडलेलीच नव्हती. उघडायची भीती वाटते, असं म्हणाला. ही भीती मी शाखेत शेकडो लोकांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. देणं वाढतं ते याच न उघडलेल्या महिन्यांत.

दोन शनिवार स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही हिशेब मांडला. मग त्यानं दुसरं पत्र लिहिलं. त्याच्या परवानगीनं ते इथं देते आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. मधेमधे मी बोलेन, कारण काही गोष्टी मुलानं आईवडिलांना सांगण्यापेक्षा तिऱ्हाईतानं सांगितलेल्या बऱ्या.

*

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

शि. सा. न. वि. वि.

माझ्यावर क्रेडिट कार्डांचं ११,००० डॉलर देणं झालं आहे. डॉलर ८५ रुपयांना धरला तर नऊ लाख पस्तीस हजार. गेल्या वर्षभर मी फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणत होतो, तेव्हा ते ठीक नव्हतं. आजपर्यंत एकही हप्ता चुकलेला नाही. पण देणं दर महिन्याला वाढतं आहे, आणि ते माझ्या एकट्याच्यानं थांबत नाही, म्हणून लिहितो आहे.

देणं दोन कार्डांवर आहे. पहिल्यावर ७,४०० डॉलर, व्याज वर्षाला २८ टक्के. दुसऱ्यावर ३,६०० डॉलर, व्याज २२ टक्के.

पहिलं कसं झालं ते सांगतो. मे महिन्यात डिग्री झाली आणि कॅम्पसवरची नोकरी त्याच दिवशी संपली. पहिला पगार हातात आला ऑक्टोबरमध्ये. मधले महिने घरभाडं, खाणं, इंटरव्ह्यूसाठीचा प्रवास, नव्या खोलीचं डिपॉझिट, सगळं कार्डावर गेलं. तुम्ही विचारत होता, पैसे पाठवू का? मी नको म्हटलं. घर आधीच बँकेकडे गहाण आहे, अजून काय मागायचं, असं वाटलं. डिग्रीनंतरच्या ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिननोकरीचं राहता येत नाही. माझे पंच्याहत्तर झाले होते. म्हणून आली ती नोकरी घेतली. पगार कमी आहे हे तेव्हाच कळत होतं.

दुसरं कार्ड ताईच्या लग्नाचं आहे. विमानाचं तिकीट, आहेर, आणि बाबा, तुम्हाला दिलेला फोनसुद्धा. तो परत करायचा विचार मनात आणू नका. मी फक्त खरं ते सांगतो आहे.

*

इथं थांबते. ‘फोनसुद्धा’ हे वाक्य ठेवायचं की नाही, यावर आम्ही अर्धा तास घालवला. तो नको म्हणत होता, बाबांना लागेल म्हणून. मी ठेवायला लावलं. परदेशातला मुलगा घरी येताना रिकाम्या हातानं येऊ शकत नाही, ही आपल्याकडची समजूत आहे आणि ती शंभर घरांत कार्डावर चालते. घरच्यांना हे माहीत असलं पाहिजे. ऋण काढून सण करू नये, असं ज्या आईवडिलांनी शिकवलं, त्यांच्याच सणासाठी मुलं ऋण काढतात, आणि त्यांना ते कुणी सांगत नाही.

आता देणं वाढतं कसं, ते त्यानं पुढे लिहिलं आहे. हा भाग आईवडिलांनी दोनदा वाचावा.

*

बाबा, तुम्ही विचाराल की हप्ता दर महिन्याला भरतोस तर देणं कमी का होत नाही. मलाही हे नीट कळलं ते गेल्या शनिवारी.

कार्डाची कंपनी दर महिन्याला एक ‘मिनिमम’ रक्कम मागते. माझ्या दोन्ही कार्डांवर ती अशी काढतात: त्या महिन्याचं व्याज, अधिक मुद्दलाचा एक टक्का. पहिल्या कार्डावर महिन्याचं व्याज १७३ डॉलर आणि मुद्दलाचा एक टक्का ७४, मिळून २४७. दुसऱ्यावर ६६ आणि ३६, मिळून १०२. मी महिन्याला ३४९ डॉलर भरतो, आणि त्यातले ११० तेवढे देण्यातून कमी होतात. बाकीचे २३९ व्याजात जातात.

पगारात महिना निघत नाही. साधारण अडीचशे डॉलर कमी पडतात, ते मी किराण्याच्या रूपानं कार्डावर टाकतो. म्हणजे एकीकडून ११० कमी केले आणि दुसरीकडून २५० घातले. शिवाय मला वाटत होतं, की किराणा कार्डावर घेतला तर दीड टक्का परत मिळतो आणि बिल येईपर्यंत व्याज नाही. हे खोटं निघालं. ती बिनव्याजी मुदत फक्त पूर्ण बिल भरणाऱ्यांना असते. मागची बाकी राहिली की आज घेतलेल्या दुधावरही आजपासून व्याज लागतं. काकूंनी स्टेटमेंटवर दाखवलं तेव्हा पटलं.

*

हे मी त्याला दाखवलं, आणि अजून एक गोष्ट दाखवली. प्रत्येक स्टेटमेंटवर एक चौकट असते. ती कंपनीनं मेहेरबानी म्हणून छापलेली नाही. २२ मे २००९ रोजी ओबामांनी कार्ड कायद्यावर सही केली, त्यानं ती सक्तीची झाली. त्या चौकटीत दोन ओळी असतात. फक्त मिनिमम भरत राहिलात तर हे देणं किती वर्षांत फिटेल आणि एकूण किती भराल, ही पहिली. छत्तीस महिन्यांत फेडायचं तर दरमहा किती भरावं लागेल, ही दुसरी. खाली कर्ज-सल्लागारांची माहिती मिळवण्यासाठी एक मोफत फोन नंबर असतो. आठ महिन्यांत त्यानं ही चौकट एकदाही वाचली नव्हती.

पहिल्या कार्डाचा हिशेब मी कागदावर मांडला. नवीन खर्च शून्य धरला, आणि मिनिमम ३५ डॉलरच्या खाली जात नाही असं धरलं. ७,४०० डॉलर फिटायला वीस वर्षांहून जास्त लागतात आणि एकूण जवळपास २३,००० डॉलर भरावे लागतात. तेच छत्तीस महिन्यांत फेडायचं तर महिन्याला ३०६ डॉलर, एकूण सुमारे ११,०००. आजचं मिनिमम २४७ आहे. म्हणजे तीन वर्षं आणि वीस वर्षं यांत आज फक्त एकोणसाठ डॉलरचं अंतर आहे.

मग इतका फरक पडतो कसा? मिनिमम दर महिन्याला थोडं घटतं म्हणून. देणं कमी झालं की कंपनी कमी मागते, आपण खुशीनं कमी भरतो, आणि मुद्दल रेंगाळतं. तो एक डॉलरही जास्त न भरता, आजचे २४७ तसेच शेवटपर्यंत भरत राहिला, तरी हे कार्ड साधारण बावन्न महिन्यांत फिटतं. हप्ता घटू द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट. घरात कुणाचंही कार्ड थकलं असेल तर आधी हे करा.

सांगलीच्या निवृत्त शिक्षकाला यावर एक प्रश्न पडणारच. मुद्दलाच्या दुपटीहून जास्त व्याज? हे कायद्यात बसतं? आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये, असं जुनं धर्मशास्त्र सांगत आलं आणि मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी ते मानलं. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले, त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला खास कायदा करावा लागला. व्याजाला कुठंतरी लगाम हवा, हे आपल्या भागाला फार पूर्वी कळलं.

अमेरिकेतही लगाम आहे, पण कार्डांना तो लागत नाही. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात साध्या कर्जावर दिवाणी कायद्यानं १६ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी तिथल्या माणसाच्या खिशातलं कार्ड २८ टक्के घेतं. याचं मूळ १९७८ च्या मार्केट नॅशनल बँक खटल्यात आहे. राष्ट्रीय बँक ज्या राज्यात आहे त्या राज्याचा व्याजदर ती दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाइकालाही लावू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. मग साउथ डकोटानं आपली मर्यादाच काढून टाकली, आणि सिटीबँकेनं आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्कमधून तिथल्या सू फॉल्स गावी नेला. डेलावेअरनंही १९८१ मध्ये दार उघडलं. म्हणून आज कार्डाच्या पाकिटावर पत्ता कुठला आहे ते बघा. तुमच्या राज्याचा कायदा त्या पत्त्यापुढे चालत नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि बँकेत नोकरी करतानाही वाटत होतं. पण मुलाला निकाल बदलेपर्यंत थांबता येत नाही. त्यानं काय मागितलं ते वाचा.

*

बाबा, आता मागणं.

मी महिन्याला ६०,००० रुपये पाठवतो. त्यातले ३४,४०० शैक्षणिक कर्जाच्या हप्त्याला जातात. उरलेले २५,६०० तुम्ही माझ्यासाठी आरडीत टाकता, माझ्या लग्नाला आणि फ्लॅटला म्हणून. चौदा महिने झाले. मला न विचारता तुम्ही एक रुपयाही खर्च केला नाही, हे मला माहीत आहे.

ती आरडी बंद करा आणि ते पैसे मला परत पाठवा. चौदा महिन्यांचे तीन लाख अठ्ठावन्न हजार आणि जे काही व्याज होईल ते. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज थोडं कमी मिळेल, मिळू दे. पुढचं वर्षभर मी फक्त कर्जाच्या हप्त्याचे पैसे पाठवीन, वरचे २५,६०० नाही.

एवढंच मागतो आहे. एफडी मोडू नका. ती तुमच्या दोघांच्या आजारपणाची आहे. आई, तुझ्या पाटल्या गहाण ठेवायच्या नाहीत. मामांकडून उसने आणायचे नाहीत. मी हे रागानं लिहीत नाही, पण यातलं काही केलंत तर मला ते पैसे घेता येणार नाहीत.

*

हा पत्राचा गाभा आहे. इथं आकडे शेजारी शेजारी ठेवते.

तीन लाख अठ्ठावन्न हजारांवर सांगलीची बँक साडेसहा टक्के देत असेल तर महिन्याला १,९५० रुपयांच्या आसपास मिळतात. तेच पैसे इथं पोचले की साधारण ४,२०० डॉलर होतात, आणि त्या ४,२०० डॉलरवर मुलगा महिन्याला ९८ डॉलर व्याज भरतो आहे. म्हणजे ८,३०० रुपये. वडील मुलासाठी दोन हजार कमावत होते आणि त्यासाठी मुलगा आठ हजार भरत होता. दोघंही एकमेकांच्या काळजीपोटीच हे करत होते, आणि दोघांनाही दुसऱ्या बाजूचा आकडा माहीत नव्हता. पैसा दोनदा समुद्र ओलांडताना दोनदा झिजतो, बँक आपला दर लावते, तारेचा खर्च घेते. ते सगळं वजा करूनच मी ४,२०० धरले आहेत.

पाठवायची रीत अवघड नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत निवासी माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. मुलाला भेट किंवा नातेवाइकाचा निर्वाह या कारणानं पाठवायचे. बँकेत ए-२ अर्ज भरायचा, पॅन द्यायचा. एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस कापत नाहीत, त्यामुळे ही रक्कम पूर्ण जाते.

एफडी का नको, हा प्रश्न मला एका वाचकानं मागेही विचारला होता. गणितानं बघितलं तर सात टक्क्यांची एफडी मोडून अठ्ठावीस टक्क्यांचं देणं फेडणं फायद्याचंच आहे. पण कार्डाचं देणं विनातारण असतं. त्यामागे घर नाही, दागिना नाही, बाप जामीन नाही. सर्वांत वाईट घडलं तरी ते मुलापाशी थांबतं. एफडी मोडली, पाटल्या गहाण पडल्या, की तेच देणं अमेरिकेतून उठून सांगलीच्या घरात येऊन बसतं. सत्तावीस वर्षांच्या माणसाकडे कमवायला तीस वर्षं आहेत. निवृत्त शिक्षकाकडे ती एफडीच आहे. आरडीचं तसं नाही. ते पैसे मुलाचेच, त्याच्यासाठीच ठेवलेले.

आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता थांबवायचा नाही. त्याचा दर अकरा टक्के आहे, कार्डापेक्षा पुष्कळ कमी. पण त्याच्यामागे राहतं घर गहाण आहे आणि वडील सहकर्जदार आहेत. दर बघून देणी फेडावीत हे खरं, पण ज्याच्यामागे घर आहे त्याचा हप्ता आधी बाजूला काढायचा.

*

मी माझ्या बाजूनं काय केलं ते सांगतो. दोन्ही कार्डं फोनमधून आणि पाकिटातून काढली. किराणा आता डेबिट कार्डावर. एक तारखेपासून एका मित्राबरोबर खोली वाटून घेतो आहे, भाडं साडेतीनशे डॉलरनं कमी होईल. तुम्हाला कमी पाठवणार त्याचे तीनशे. मिळून साडेसहाशे. त्यातले अडीचशे महिन्याची तूट भरायला जातील, म्हणजे नवीन देणं होणार नाही. उरलेले चारशे आणि आत्ताचे ३४९, असे दरमहा ७४९ डॉलर कार्डांवर भरीन. मिनिमम दोन्हीकडे आपोआप कापलं जाईल असं लावून ठेवलं आहे, म्हणजे तारीख चुकणार नाही. वरचे सगळे पहिल्या कार्डावर, कारण व्याज तिथं जास्त आहे.

तुमचे ४,२०० आल्यावर पहिल्यावर ३,२०० उरतील, ते सहाव्या महिन्यात संपतील. मग सगळे ७४९ दुसऱ्यावर. हिशेबानं अकरावा महिना शेवटचा आहे. बारा धरा, मधे गाडीचं काही निघालं तर.

दर महिन्याच्या बारा तारखेला स्टेटमेंट येतं. त्याच दिवशी मी दोन्हींचा फोटो तुम्हाला पाठवीन. तुम्ही वहीत लिहून ठेवा, मागच्या महिन्यापेक्षा आकडा खाली आला का तेवढं बघा. आला नाही तर त्याच दिवशी फोन करा आणि विचारा. पण दर रविवारी विचारू नका. रविवारी मला तुमच्याशी बोलायचं असतं, आणि हा विषय निघेल या भीतीनं मी गेले सहा महिने फोन आखूड करत होतो.

आई, तुला भीती वाटेल म्हणून आधीच लिहितो. कार्डाचं देणं इथं दिवाणी बाब आहे. त्यासाठी पोलीस येत नाहीत आणि विमानात बसवून परत पाठवत नाहीत. कधी तुमच्या फोनवर कुणी अमेरिकेतून बोलतो म्हणाला, मुलाचं देणं भरा नाहीतर त्याला अटक होईल म्हणाला, तर फोन ठेवून द्या आणि मला सांगा. माझं एकही देणं वसुलीवाल्यांकडे गेलेलं नाही, आणि तुम्ही त्याला जबाबदार नाही.

*

यात मला थोडी भर घालायची आहे. वसुली एजन्सींवर इथं १९७७ चा कायदा आहे. सकाळी आठच्या आधी आणि रात्री नऊनंतर त्यांना देणेकऱ्याला फोन करता येत नाही. आईवडिलांना फोन केलाच तर फक्त मुलाचा पत्ता, फोन विचारता येतो. मुलाचं देणं आहे हे त्यांना सांगणं बेकायदा आहे. अटकेची धमकी तर बेकायदा आहेच. तेव्हा सांगलीत वाजलेला असा फोन बहुधा भामट्याचाच समजावा.

कोर्टाचा कागद मात्र वेगळा. देणं थकलं, दावा लागला आणि कागदाकडे दुर्लक्ष केलं, तर निकाल एकतर्फी लागतो आणि मग पगारातून कापून घेता येतं. संघराज्याच्या कायद्यानं हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत. हप्ता तीस दिवस चुकला की तो क्रेडिट रिपोर्टवर चढतो आणि सात वर्षं राहतो. भाड्यानं घर घेताना घरमालक तोच रिपोर्ट मागतो. या मुलाचं तिथवर गेलेलं नाही, कारण त्यानं मिनिमम कधी चुकवलं नाही.

त्याच्या फोनवर ‘तुमचं देणं निम्मं करून देतो’ अशा जाहिराती येत होत्या. एकीला तो भुलणारच होता. या कंपन्यांची रीत बहुतेक ठरलेली असते. कार्डाचे हप्ते थांबवा म्हणतात, पैसे आमच्याकडे साठवा म्हणतात, आणि देणं पुरेसं सडलं की तडजोड करायला जातात. तोवर रिपोर्ट गेलेला असतो, दावाही लागू शकतो. तडजोडीत माफ झालेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असेल तर तिची खबर कर खात्याला जाते आणि ती साधारणपणे उत्पन्नात धरतात. त्याऐवजी ना-नफा कर्ज-सल्लागाराकडे जावं, ज्याचा रस्ता स्टेटमेंटवरच्या त्या नंबरावरून सापडतो. तो कार्ड कंपन्यांकडून व्याज कमी करून घेतो, सगळ्यांचा मिळून एक हप्ता बांधून देतो, फी थोडी घेतो. तीन ते पाच वर्षांत पूर्ण मुद्दल फेडायचं असतं आणि कार्डं बंद होतात. मुलाची नोकरी मधेच गेली तर हे दार ठोठावायचं, असं आम्ही कागदावर लिहून ठेवलं आहे.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण तिनं माणसं घाबरतात. एखादं कार्ड पूर्ण फेडलं तरी पुढच्या महिन्यात थोडं व्याज लागून येतं. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. फसवणूक नाही. तेही भरायचं, त्याच्या पुढचं स्टेटमेंट शून्याचं बघायचं, आणि मगच वहीत रेघ मारायची.

पत्राचा शेवट असा आहे.

*

वर्षभर स्थळं बघू नका. कुणी विचारलं तर मुलगा एक वर्ष थांबा म्हणतो एवढं सांगा. देणं असताना मी कुणाच्या मुलीला हो म्हणणार नाही, आणि लपवून तर नाहीच.

दिवाळीला येणार नाही. पुढच्या वर्षी येईन, पैसे साठवून.

बाबा, तुम्हाला राग आला असेल तर रागाचं पत्र लिहा, मी वाचीन. पण आरडीचं काम या आठवड्यात करा. रोज उशीर झाला की सव्वातीन डॉलर व्याज लागतं, ते मी आता मोजतो.

तुमचा,

*

पत्र गेलं त्याला तीन आठवडे झाले. नवव्या दिवशी वडिलांचं उत्तर आलं. त्यानं ते मला वाचायला दिलं. चार ओळी होत्या. आरडी सोमवारी बंद केली. ए-२ अर्ज भरला, कारण ‘मुलास भेट’ लिहिलं, पावतीचा फोटो जोडला आहे. वही केली आहे, पहिल्या पानावर ११,००० लिहिलं आहे. बारा तारखेची वाट बघतो.

बारा तारीख परवा झाली. वहीच्या दुसऱ्या ओळीत ६,७४० आहे.